कुत्रा आणायचा का, आणि आणला तर त्याचं करायचं कुणी : आमच्या घरातलं एक वर्ष

२०२४ची दिवाळी झाल्यावर नवऱ्याने विषय काढला. 'आपण एक कुत्रा आणू या का?' मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आमचं घर म्हणजे नाशिकच्या इंदिरानगरमधला तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट. नवरा अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात, दर आठवड्याला बदलणाऱ्या तीन शिफ्टमध्ये. मी कॉलेज रोडला सीएच्या ऑफिसात. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवसभर घरी. ही शेवटची ओळ नीट वाचा, कारण आमचा सगळा प्रश्न तिथेच होता. ज्या घरात कुणीतरी 'दिवसभर घरीच असतं', तिथे कुत्रा दोघं आणतात आणि सांभाळतं तिसरंच.

आम्ही पहिली गोष्ट केली ती अशी, की तिघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहिलं : कुत्रा आला तर मी काय करेन आणि काय अजिबात करणार नाही. एकमेकांचं न बघता. नवऱ्याच्या कागदावर फिरवणं, खेळणं, आंघोळ होतं. डॉक्टर, औषधं, घरातले केस यातलं काही नव्हतं. माझ्या कागदावर खर्च आणि डॉक्टर होतं, पण सकाळी सहाला उठणं 'करणार नाही'च्या रकान्यात. आईंच्या कागदावर तीनच ओळी होत्या. जिना उतरणार नाही, गुडघे. घाण उचलणार नाही. देवघरात आणि स्वयंपाकघरात यायचा नाही. 'करेन' हा रकाना कोरा.

नवऱ्याला वाटलं, म्हणजे आईचा नकार. आईच म्हणाल्या, 'नको असं नाही रे. पण माझ्या गळ्यात पडायला नको.' तेव्हाच आम्ही ठरवलं की तिघांपैकी कुणाचाही नकार आला तर विषय बंद, आणि तो का आला याचा खुलासा मागायचा नाही. कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो. एवढा काळ कुणाला मन वळवून राजी ठेवता येत नाही.

डिसेंबरात आम्ही कुत्र्याशिवाय कुत्रा पाळून पाहिला. हसू नका, पूर्ण प्रक्रियेत सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. शिफ्टचं एक पूर्ण चक्र, म्हणजे तीन आठवडे, रोज सकाळी आणि रात्री अर्धा अर्धा तास कुणीतरी खाली जाऊन फिरून यायचं. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी सहा वाजता. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात नवरा सव्वासहाला घर सोडतो, म्हणजे सकाळ माझी आणि सव्वाचारला परतल्यावर संध्याकाळ त्याची. सेकंडला तो रात्री पाऊणला येतो. सकाळ तो करू शकतो, पण संध्याकाळ मलाच. थर्डबद्दल त्याचं म्हणणं होतं, 'पावणेआठला परत आलो की तसाच फिरवून आणतो.' सोमवारी जमलं, मंगळवारी जमलं, गुरुवारी तो खालच्या बाकावर बसून झोपला. मग थर्डची सकाळसुद्धा माझ्याकडे आली आणि संध्याकाळ व रात्री निघण्याआधीची फेरी त्याच्याकडे. 'सकाळ तुझी, संध्याकाळ माझी' अशी सोपी वाटणी शिफ्टवाल्या घरात टिकत नाही. काम वाराला नव्हे, शिफ्टला बांधावं लागतं. आमचा तक्ता आजही तोच आहे, फ्रिजवर लावलेला.

या तीन आठवड्यांनी आणखी एक गोष्ट ठरवली : पिल्लू नको. तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर तीन-चार तासांनी शू लागते, रात्रीही उठावं लागतं. शिवाय लसींचा पहिला कोर्स साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो आणि तो पूर्ण होईपर्यंत पार्व्हो या जीवघेण्या विषाणूच्या भीतीने त्याला रस्त्यावर सोडायचं नसतं. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, घरातच सगळं. दुपारी ते कोण पुसणार? आईंचा कागद समोर होता. दोन वर्षांचा, नसबंदी झालेला कुत्रा सहा-आठ तास आरामात धरतो आणि त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो. पिल्लाच्या फोटोवर जीव जडलेल्या नवऱ्याला हे पचायला आठवडा लागला.

जानेवारी कागदपत्रांत गेला. आमचा लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा, कुत्र्याचं आयुष्य बारा वर्षांचं; हा हिशोब जमवणं सोपं नाही. घरमालकांना फोन केला, ते 'बघा बुवा, चालेल' म्हणाले. तोंडी 'चालेल'वर थांबू नका. नूतनीकरण फेब्रुवारीत होतंच, तेव्हा करारातच एक ओळ घालून घेतली : एक पाळीव कुत्रा ठेवण्यास हरकत नाही, नुकसान झाल्यास डिपॉझिटमधून वळते करावे. सोसायटीच्या सचिवांनी 'लिफ्टमध्ये नको' असा सूर लावला. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५चं परिपत्रक आहे. सोसायटीला, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनसुद्धा, पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. मी ते छापून नेलं होतं, पण पिशवीतून काढलंच नाही. त्याऐवजी सांगितलं, लिफ्टमध्ये कुणी असेल तर आम्ही पुढची धरू आणि घाण आम्हीच उचलू. ते मान्य झालं. कागद पिशवीत असला की बोलणं शांतपणे होतं, एवढा त्याचा उपयोग.

आणखी एका व्यक्तीला विचारायचं होतं : झाडू-फरशीला येणाऱ्या मावशी. त्या कुत्र्याला घाबरतात का हे आधी विचारा, नंतर नाही. आमच्या मावशी घाबरत नव्हत्या, पण म्हणाल्या, 'केस पडतील ताई, दोनदा झाडावं लागेल.' महिन्याला तीनशे रुपये वाढवले. कुत्र्याच्या खर्चाचा अंदाज मांडताना ही रक्कम कुणीच धरत नाही, आणि ती धरली नाही तर ते काम घरातल्याच एका बाईकडे जातं.

रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांवर उपचार करून त्यांना घर शोधून देणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज भरला. पैसे मागितले नाहीत, पण आधार कार्डाची प्रत, घरमालकाच्या परवानगीची प्रत आणि घरभेट हे सक्तीचं होतं. घरभेटीला आलेल्या मुलीने गॅलरीच्या ग्रिलच्या फटीत हात घालून पाहिला, दार उघडं राहतं का विचारलं, आणि मग पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन आईंना एकटीने विचारलं, 'आजी, तुम्हाला हवंय का हे?' आई काय म्हणाल्या ते आम्हाला आजही माहीत नाही. पण त्या मुलीने थेट दत्तक न देता एक महिना फोस्टर म्हणून ठेवून बघायला सांगितलं. जमलं नाही तर परत घेऊ, कुणी काही म्हणणार नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चिंगी आली. बदामी रंगाची गावठी कुत्री, वजन सोळा किलो, डाव्या कानाला नसबंदीची खाच, मागच्या एका पायाला जुन्या अपघाताची किंचित लंगड. संस्थेने ठेवलेलं नाव ब्राउनी होतं. आईंना ते उच्चारायचं नव्हतं. पहिले तीन दिवस ती सोफ्यामागून बाहेर आली नाही आणि जेवलीही जेमतेम. हे अपेक्षित असतं, ओढून काढायचं नाही, पाणी आणि ताटली जवळ सरकवून आपापलं काम करत राहायचं. घरात रुळायला तीन आठवडे आणि खरा स्वभाव दिसायला तीन महिने लागतात असं संस्थेवाल्यांनी सांगितलं होतं. आमच्याकडे तसंच झालं.

फेब्रुवारी म्हणजे द्राक्षांचे दिवस. नवऱ्याच्या मामांकडून दिंडोरीहून क्रेट येतो, तो दरवर्षी हॉलमध्ये जमिनीवर ठेवतो. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल हे कुत्र्यागणिक वेगळं, म्हणून एकही द्यायचं नाही. कांदासुद्धा चालत नाही, तो तांबड्या रक्तपेशी फोडतो. भाजीचा रस्सा पोळीवर घालून देणं म्हणूनच बंद. नाशिक ज्या दोन गोष्टींनी जगाला माहीत आहे, त्या दोन्ही आमच्या कुत्रीला वर्ज्य. द्राक्षं खाल्ल्याचा संशय आला तर उलटी-जुलाबाची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठायचे, लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. क्रेट आता माळ्यावर जातो आणि पाहुण्यांना सांगायची जबाबदारी मामांच्या भाच्याची.

महिना संपला. तिघांनी पुन्हा कागद घेतले, या वेळी एकच प्रश्न : ठेवायची की नाही. तिन्हीवर हो आलं. पाडव्याच्या आठवड्यात दत्तकपत्रावर सह्या झाल्या. त्यात नियमित लसीकरण, साखळीने बांधून न ठेवणं, आणि सांभाळणं अशक्य झाल्यास दुसऱ्याला परस्पर न देता संस्थेलाच परत करणं अशा अटी होत्या. महापालिकेच्या परवान्याच्या अर्जाला रेबीज लसीचं प्रमाणपत्र जोडायचं असतं, म्हणून लस आधी, अर्ज नंतर. दत्तकपत्र नवऱ्याच्या नावावर आणि परवाना माझ्या नावावर केला. मुद्दाम, म्हणजे दोघांनाही 'ती तुझी' म्हणता येऊ नये.

खरी वाटणी यानंतर सुरू झाली. एप्रिलमध्ये माझी चिडचिड वाढली होती आणि कारण सापडत नव्हतं, कारण तक्त्याप्रमाणे नवरा त्याच्या फेऱ्या चोख करत होता. मग एक आठवडा आम्ही फ्रिजवरच्या कागदावर घडलेली प्रत्येक गोष्ट लिहिली. कुणी केली, किती मिनिटं, आणि तिसरा रकाना : कुणाच्या लक्षात आली. फिरवण्याची मिनिटं जवळपास सारखी निघाली. तिसऱ्या रकान्यात मात्र सगळीकडे माझं नाव. जंताची गोळी कधी द्यायची, खाणं कधी संपतंय, नखं वाढलीत, डॉक्टरांना फोन करायचाय. नवरा सांगितलेलं सगळं करायचा. पण सांगायचं मी. आणि आईंच्या नावापुढे, ज्या नावापुढे काहीच नसायला हवं होतं, रोजचे दीड तास : दुपारी पाणी बदलणं, बेल वाजली की तिला आत घेणं, भुंकली की उठून बघणं. आई म्हणाल्या, 'झोप मोडते दुपारची, एवढंच.' एवढंच नव्हतं ते.

मग आम्ही कामं मिनिटांनी वाटणं सोडलं आणि खाती वाटली. खाणं हे पूर्ण खातं नवऱ्याचं : तांदूळ-चिकन-भोपळा शिजवणं, कोरडं खाणं संपायच्या आत आणणं, ताटली घासणं, मावशींना चिकनचं पातेलं घासायला न टाकणं. आरोग्य माझं : लसवही, तारखा, गोळ्या, गोचीड तपासणी, डॉक्टर. ज्याचं खातं त्यानेच लक्षात ठेवायचं; दुसऱ्याने आठवण करायची नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड. मे महिन्यात कोरडं खाणं एका रात्री संपलं, मला दोन दिवस आधी दिसत होतं, मी जीभ चावून बसले. नवरा रात्री दहाला पाथर्डी फाट्यापर्यंत उघडं दुकान शोधत गेला. तेव्हापासून पोतं चार बोटं उरलं की नवं येतं.

आईंची दुपार परत करायला दोन गोष्टी पुरल्या. एक ते चार आमच्या बेडरूममध्ये पंखा लावून, पाणी ठेवून चिंगीला आत ठेवायचं आणि दार लोटायचं. कुत्री दिवसाचा बराच वेळ झोपतेच. खिडकीचा पडदा ओढला की बाहेरचं दिसत नाही आणि भुंकणं निम्म्याने कमी होतं. थर्डच्या आठवड्यात नवराही तिथेच झोपलेला असतो, दोघं घोरतात. दुसरं म्हणजे बेलचं बटण बंद करून दारावर 'एक ते चार फोन करा' अशी चिठ्ठी. सोबत आईंनी स्वतःहून एक काम मागून घेतलं : दुपारी बाराचं खाणं त्या घालणार. ते त्यांना हवं होतं म्हणून दिलं, उरलं म्हणून नाही.

जूनमध्ये डॉक्टरांच्या काट्यावर वजन साडेअठरा भरलं. तीन माणसांच्या घरात कुत्र्याला तीनदा नाश्ता मिळतो. प्रत्येकाला वाटतं हिला अजून कुणी घातलं नाही, आणि कुत्री ते खोटं पाडत नाही. कागदावर टिक करायचा नियम दोन दिवस टिकला. टिकलेला उपाय वेगळाच आहे : दिवसभराचं सगळं कोरडं खाणं सकाळी मोजून एका स्टीलच्या डब्यात काढायचं. कुणीही, केव्हाही घाला, पण याच डब्यातून. डबा रिकामा झाला की दिवस संपला. औषधालाही तेच, आठवड्याच्या वारांची कप्पेवाली डबी, कप्पा रिकामा म्हणजे गोळी दिली. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत, पण लांबून दिसायला नकोत, ही डॉक्टरांची खूण. दसऱ्यापर्यंत वजन साडेसोळावर आलं.

ऋतू आणि ऑफिस यांनी तक्ता दोनदा मोडला. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळची फेरी सूर्य बुडेपर्यंत पुढे गेली, कारण डांबर तापलेलं असतं. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघायची, आपल्याला सहन झाली नाही तर तिच्या पंजालाही होणार नाही. दुसरा मोडला तो आयकर खात्याने. दरवर्षी जुलै माझा नसतो, म्हणून नवऱ्याने जुलैत माझ्या सकाळीही घ्यायच्या आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मी त्या फेडायच्या असं ठरलं होतं. २०२५मध्ये रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली, आणि माझा जुलै सप्टेंबरात जाऊन बसला. म्हणजे नेमका फेडीच्या महिन्यात. पुढे ऑडिटची तारीख लांबून दिवाळीही त्यातच आली. आता आम्ही महिने उसने देत नाही, फेऱ्या देतो. कागदाच्या कोपऱ्यात कुणाच्या किती बाकी ते लिहिलेलं असतं, आणि बाकी दहाच्या वर गेली तर फिरवायला माणूस लावायचा आणि पैसे बाकी असणाऱ्याने द्यायचे. सप्टेंबरात मी दिले.

पैशांबद्दलही सांगते. महिन्याला साधारण साडेतीन हजार लागतात, त्यात खाणं निम्म्याहून जास्त. ते आम्ही निम्मे-निम्मे न करता पगाराच्या प्रमाणात काढतो, आणि वेगळ्या खात्यात पंधरा हजार अडीअडचणीसाठी ठेवतो. पावसाळ्यात त्यातले सहा हजार गेले. गोचिडाची महिन्याची गोळी चालू असूनही एका सकाळी चिंगीने खाणं हुंगून सोडलं, अंग गरम, हिरड्या फिकट. रक्ततपासणीत प्लेटलेट खाली होत्या, गोचीडताप. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन, रोज जेवणावर. आरोग्य खातं माझं असलं तरी सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळची गोळी तोच द्यायचा, कप्पा बघून. खाणाऱ्या कुत्रीने एक वेळ खाणं सोडलं की ताप बघायचा, दुसऱ्या वेळेची वाट बघायची नाही, हे खाण्याचं खातं ज्याच्याकडे आहे त्यालाच आधी कळतं. या वेळी त्याला कळलं, मला नाही.

दिवाळीत फटाक्यांच्या चार रात्री तिला बेडरूममध्ये ठेवून पंखा आणि टीव्ही मोठ्याने लावला, आणि फेऱ्या अंधार पडायच्या आत उरकल्या. गळपट्ट्यावर दोघांचे फोन नंबर आहेत, पण त्या आठवड्यात दोन दोऱ्या लावून नेलं, एक गळपट्ट्याला आणि एक छातीच्या पट्ट्याला. घाबरलेली कुत्री गळपट्ट्यातून डोकं मागे ओढून सहज निसटते.

आता नवरा जानेवारीपासून जनरल शिफ्टला जाणार आहे, त्यामुळे तक्ता पुन्हा करायचा आहे आणि माझ्या काही सकाळी मी परत मागणार आहे. आईंनी आधीच सांगून ठेवलंय की मे महिन्यात त्या महिनाभर पुण्याला माझ्या नणंदेकडे जाणार. दुपारी बारासाठी खालच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या मुलाला विचारलं. तो दिवसाला शंभर मागतोय, आम्ही सत्तरवर अडलो आहोत, आणि आई म्हणतात की एवढी वर्षं त्यांचा भाव कुणी विचारला नव्हता, तर द्या त्याला शंभर.